परिच्छेद घसरतो कुठे? निबंधातले मुख्य वाक्य आणि खाजनाचा एक परिच्छेद

प्रश्न: मी फोंड्याची. यूपीएससी मुख्य परीक्षेतला निबंधाचा पेपर मराठीतून देणार आहे. सराव निबंध तपासणारे सर दर वेळी समासात एकच शेरा मारतात, 'मुद्दे आहेत, पण परिच्छेद पसरट.' मला वाचताना तर सगळं जोडलेलं वाटतं. एका परिच्छेदात एकच कल्पना ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं? 'परंपरागत ज्ञान आणि आधुनिक विकास' या निबंधातला माझा एक परिच्छेद देते:

'गोव्यातील खाजन शेती हा परंपरागत ज्ञानाचा उत्तम नमुना आहे. नदीकाठच्या खाऱ्या जमिनीत मातीचे बांध घालून पूर्वजांनी शेती उभी केली. बांधातल्या मानशीतून भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर केले जाते. मानशीवर मासेमारीचा लिलाव होऊन त्यातून उत्पन्नही मिळते. गोव्याच्या जेवणात मासळीला मोठे स्थान आहे. तसेच पर्यटकांनाही गोव्याची मासळी आवडते. मात्र पर्यटनामुळे जमिनींच्या किमती वाढल्या असून अनेक ठिकाणी खाजनात भराव घातला जात आहे. तरुण पिढी शेतीकडे पाठ फिरवत आहे. म्हणून सरकारने खाजन शेतीच्या संवर्धनासाठी कठोर पावले उचलली पाहिजेत.'

उत्तर:

तुम्हाला हा परिच्छेद जोडलेला वाटतो, कारण तो खरोखरच जोडलेला आहे. तुमचे जवळजवळ प्रत्येक वाक्य मागच्या वाक्यातला एक शब्द उचलते आणि पुढे निघते. बांधावरून मानस आली, मानशीवरून मासळी, मासळीवरून जेवण, जेवणावरून पर्यटक, पर्यटकांवरून जमिनीच्या किमती, किमतींवरून भराव. इथपर्यंत शेजारच्या दोन वाक्यांत कुठेही फट नाही. पण पाचवे वाक्य पहिल्याशेजारी ठेवून बघा. 'खाजन हा परंपरागत ज्ञानाचा नमुना आहे' आणि 'गोव्याच्या जेवणात मासळीला मोठे स्थान आहे'. या दोघांचे एकमेकांशी काहीच देणेघेणे नाही. तुमच्या सरांच्या 'पसरट'चा अर्थ हाच असणार. वाक्य मागच्या वाक्याशी जोडलेले आहे, परिच्छेदाच्या म्हणण्याशी नाही.

लिहिणाऱ्याला हे दिसत नाही, कारण लिहिताना नजर नुकत्याच लिहिलेल्या ओळीवर असते. तपासणारा मात्र परिच्छेद वाचून झाल्यावर स्वतःला विचारतो, 'यात काय सांगितले?' तुमच्या परिच्छेदाला त्याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही. खाजन कसे चालते? त्याचे फायदे काय? ते का नष्ट होते आहे? सरकारने काय करावे? चारही गोष्टी आल्या आहेत आणि प्रत्येकीला दोन-तीन ओळी मिळाल्या आहेत. त्यामुळे कुठलीच गोष्ट पटवण्याइतकी पुढे गेलेली नाही.

आता उपाय. बहुतेक जण इथे मधली वाक्ये काढायला लागतात. जेवणाचे वाक्य गाळा, पर्यटकांचे गाळा. ती गाळलीच पाहिजेत, पण मूळ दोष तिथे नाही. दोष पहिल्या वाक्यात आहे. 'खाजन शेती हा परंपरागत ज्ञानाचा उत्तम नमुना आहे' हे वाक्य खाजनाविषयीच्या कुठल्याही माहितीला आत घेते. बांध आला तरी चालतो, मासे आले तरी चालतात, तांदळाची जात आली तरी चालते, आणि मग भरावही येतो. हे वाक्य विषयाचे नाव सांगते, विषयाबद्दल काही म्हणत नाही. परिच्छेदाचे मुख्य वाक्य काही गोष्टींना बाहेर ठेवू शकले पाहिजे. ज्या वाक्यामुळे एकही माहिती बाहेर राहत नाही, ते मथळ्यासारखे असते. त्याच्या आधाराने परिच्छेद बांधता येत नाही.

पारख सोपी आहे. वाक्य लिहून झाले की कल्पना करा, समोर एक शहाणा माणूस बसला आहे. तो 'ते कसे काय?' किंवा 'मला नाही तसे वाटत' असे म्हणू शकेल का? 'उत्तम नमुना आहे' यावर तो नुसती मान डोलावेल. तो मान डोलावतो म्हणजे पुढच्या शंभर शब्दांना करायला काम उरले नाही.

तुमच्याकडच्या माहितीतून निदान तीन मुख्य वाक्ये निघतात. पहिले: 'मानस हे असे दार आहे की जे नदीच्या जोराने मिटते आणि शेतातल्या पाण्याच्या जोराने उघडते.' असे म्हटले की परिच्छेदात फक्त रचना येईल. भरती चढली की बाहेरच्या पाण्याचा दाब लाकडी दारांवर पडतो आणि ती बंद होतात. ओहोटी लागली की आतले पाणी उंच राहते, दारे ढकलते आणि पोंयीत, म्हणजे शेतातल्या खोलगट भागात, साठलेले पाणी बाहेर पडते. पावसाळ्यात जमिनीतला खार धुऊन जातो आणि कोरगुटासारखे खार सोसणारे भात येते. लिलाव इथे येणार नाही, भराव येणार नाही, तरुण पिढी तर नाहीच.

दुसरे: 'खाजन टिकले ते केवळ बांधाच्या बळावर नव्हे, त्या बांधाची राखण कोणाची हे गावात ठरलेले होते म्हणून.' इथे माणसे येतील, गावकारी म्हणजे गावाची सामुदायिक जमीन सांभाळणारी संस्था येईल, कायदा येईल. दारे कशी मिटतात याला जागा नाही.

तिसरे: 'खाजनाला आज नदीपेक्षा जमिनीच्या भावाचा धोका अधिक आहे.' इथे भराव येईल आणि किमती येतील. पर्यटनही येईल, पण फक्त जमिनीच्या भावाचे कारण म्हणून. पर्यटकांना काय खायला आवडते याचा संबंध नाही.

तिन्ही वाक्ये चांगली आहेत म्हणून तिन्ही परिच्छेद लिहायला जाऊ नका. यूपीएससीत तीन तासांत दोन निबंध असतात, प्रत्येक 125 गुणांचा, हजार ते बाराशे शब्दांचा. परिच्छेद 110 ते 140 शब्दांचा धरला तर एका निबंधात साधारण नऊ परिच्छेद होतात. 'परंपरागत ज्ञान आणि आधुनिक विकास' या विषयात खाजनाला त्यातला एक, फार तर दोन द्यावेत. मग तीनपैकी कोणते निवडायचे? जे निबंधाच्या प्रश्नाला हात घालते ते. पहिले वाक्य आकर्षक आहे, आणि गोव्याबाहेरच्या परीक्षकाला ते नवे वाटेल, पण त्यातून 'आधुनिक विकास' या अर्ध्या विषयाला काहीच मिळत नाही. तिसऱ्यात ज्ञान कुठेच नाही, नुसता विकास आहे. दुसऱ्यात दोन्ही आहेत, कारण जुने ज्ञान कशाच्या आधारावर जगत होते आणि नव्या काळात तो आधार का गेला, हेच ते सांगते. मी दुसरे घेईन.

ते घेऊन परिच्छेद असा होईल:

'खाजन पिढ्यान्पिढ्या टिकले ते केवळ बांधाच्या बळावर नव्हे, त्या बांधाची राखण कोणाची हे गावात ठरलेले होते म्हणून. चिखलमातीचा बांध खेकड्यांच्या बिळांनी आणि भरतीच्या माऱ्याने सतत झिजतो. एक भगदाड वेळेत बुजवले नाही, तर खारे पाणी शेतात शिरते आणि भात हातचे जाते. म्हणून गावकारी, म्हणजे कोमुनिदाद, बांधाची डागडुजी आणि मानशीची देखरेख कोणी करायची हे ठरवून देत असे. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ही जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली आणि अनेक गावांत ती कोणाच्याच अंगावर राहिली नाही. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. त्याचा पैसा बांधाला लागावा अशी अपेक्षा असते, पण जास्त मासळीसाठी ठेकेदार खारे पाणी गरजेपेक्षा अधिक वेळ आत ठेवतो आणि त्याला हटकणारे कोणी नसते. बांध घालण्याचे ज्ञान गावात अजून आहे. ते वापरायला लावणारी व्यवस्था गेली.'

प्रत्येक वाक्य काय करते ते बघा. दुसरे आणि तिसरे वाक्य राखण लागतेच कशाला हे सांगते. चौथे ती कोण करत असे हे सांगते, पाचवे ती कशी निसटली हे, आणि सहाव्या-सातव्यात ती निसटल्याची खूण आहे. शेवटचे वाक्य पहिल्याची पुनरुक्ती करत नाही. एवढे सगळे कळल्यानंतरच जे म्हणता येते ते म्हणते, आणि तिथून निबंधाच्या विषयाकडे, म्हणजे ज्ञान आणि विकास यांच्याकडे वळते. कुठल्याही वाक्याला 'राखणीचे काय?' असे विचारले तरी उत्तर मिळते.

मासेमारीचा लिलाव तुमच्या परिच्छेदातही होता आणि इथेही आहे, हे मुद्दाम सांगतो. तुमच्याकडे तो 'उत्पन्नही मिळते' म्हणून आला होता, त्यातल्या 'ही'सकट. हा 'ही' आणखी एक फायदा मोजायला येतो आणि तिथूनच परिच्छेद मासळीच्या बाजारात शिरतो. इथे तोच लिलाव राखण ढिली झाल्याचा पुरावा झाला. म्हणजे एखादी माहिती परिच्छेदात बसते की नाही हे त्या माहितीवर ठरत नाही. तिला कोणते काम दिले आहे, यावर ते ठरते. आवडती माहिती बाहेर टाकायचे जिवावर येत असेल, तर आधी तिला मुख्य वाक्याचे एखादे काम देऊन बघा. मिळाले तर ठेवा. जेवणातल्या मासळीला मात्र कितीही ओढाताण केली तरी इथे काम मिळत नाही.

मराठी लिहिताना परिच्छेद घसरण्याच्या काही जागा ठरलेल्या आहेत. उत्तरपत्रिका चाळताना मी आधी त्याच बघतो. पहिली 'तसेच', 'याशिवाय', 'त्याचप्रमाणे' यांची. हे शब्द वाईट नाहीत, पण पुढचे वाक्य मागच्याशी नेमके कशाने जोडलेले आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसले की ते आपोआप लेखणीतून उतरतात. तुमचे 'तसेच पर्यटकांनाही' बघा. तिथे 'तसेच' खोडून 'म्हणून', 'कारण' किंवा 'उदाहरणार्थ' घालून पाहा. तिन्हींपैकी एकही बसत नाही, म्हणजे वाक्य नुसते शेजारी येऊन बसले आहे.

दुसरी जागा 'असून'ची. 'किमती वाढल्या असून भराव घातला जात आहे.' किमती वाढल्या म्हणून भराव पडतो, की दोन्ही गोष्टी आपापल्या चालल्या आहेत? 'असून' हे सांगत नाही, आणि लिहिणाऱ्यालाही ठरवायची गरज पडत नाही. सरकारी पत्रकांतून हे वळण आपल्या हाताला लागले आहे. निबंधात 'असून' आले की वाक्य तिथे तोडा आणि दोन तुकड्यांतले नाते उघडपणे लिहा. ते लिहिता आले नाही, तर त्यातला एक तुकडा दुसऱ्या परिच्छेदाचा असण्याची शक्यता मोठी आहे.

तिसरी जागा कर्ता लपवणाऱ्या क्रियापदांची. 'पाणी आत-बाहेर केले जाते.' कोण करते? तुमच्या परिच्छेदात हे कुठेच नाही आणि गंमत म्हणजे चांगला परिच्छेद नेमका त्या 'कोण'मधूनच निघाला. सराव करताना प्रत्येक वाक्याचा कर्ता पेन्सिलीने समासात लिहून पाहा. तुमच्या परिच्छेदात तो असा निघेल: खाजन, पूर्वज, (कोणीतरी), लिलाव, मासळी, पर्यटक, किमती, तरुण, सरकार. नऊ वाक्यांत नऊ कर्ते. नव्या परिच्छेदातही कर्ते बदलतात, पण ते सगळे बांध आणि त्याला सांभाळणारे एवढ्याच वर्तुळातले आहेत.

आता 'मात्र'. विरोधी मुद्द्याला नेहमी नवा परिच्छेद द्यावा असे बऱ्याच ठिकाणी शिकवतात. मला ते पटत नाही. विरोध तुमच्या मुख्य वाक्याला धरून असेल तर तो त्याच परिच्छेदात शोभतो. 'कोमुनिदादीच्या व्यवस्थेत सगळ्यांना सारखा हक्क नव्हता हे खरे, पण बांध फुटला तर जायचे कोणाकडे हे तरी ठरलेले होते' असे एक वाक्य वरच्या परिच्छेदात सहज बसेल, आणि परीक्षकाला दिसेल की तुम्ही जुन्या काळाच्या प्रेमात पडलेल्या नाही. अट एवढीच की 'पण'नंतर वाक्य आपल्या म्हणण्याकडे परत आले पाहिजे. तुमचे 'मात्र पर्यटनामुळे' परत आलेच नाही. ते गेले ते थेट सरकारपाशी पोचले.

परीक्षेत हे सगळे बघायला वेळ कुठे, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून काम आधी करायचे. एका निबंधाला दीड तास मिळतो. त्यातली पहिली पंधरा मिनिटे कच्च्या पानावर घालवा. तिथे मुद्दे लिहू नका, पूर्ण वाक्ये लिहा. 'खाजन – राखण – कूळ कायदा' असे टिपण केले की लिहिताना त्याचे पुन्हा 'खाजन हा उत्तम नमुना आहे' होते, कारण क्रियापद ठरलेलेच नसते. आठ-नऊ मुख्य वाक्ये एकाखाली एक लिहा आणि मधले काही न भरता सलग वाचा. ती वाचून तुमचे म्हणणे समजत असेल तर आराखडा झाला. दोन वाक्ये एकच गोष्ट सांगत असतील तर ते तिथेच कळेल. एखाद्या वाक्याआधी 'आणि आणखी एक' असे मनात आले, तर ते वाक्य यादीतले आहे, त्याची जागा बदला किंवा ते सोडा.

तरीही लिहिता लिहिता घसरायला होतेच. चार ओळी झाल्यावर लक्षात आले की आपण पर्यटकांच्या ताटात पोचलो आहोत, तर मागे जाऊन खाडाखोड करू नका. घसरलेले वाक्य एका सरळ रेषेने खोडा, मुख्य वाक्यातला कळीचा शब्द (इथे 'राखण') उचलून पुढचे वाक्य त्याने सुरू करा आणि परिच्छेद दोन वाक्यांत मिटवा. घसरलेली गोष्ट खरोखर मोलाची असेल, तर ती पुढच्या परिच्छेदाचे मुख्य वाक्य म्हणून वर आणा.

मुख्य वाक्य पहिलेच असावे का? परीक्षेत दहातल्या आठ परिच्छेदांत हो. परीक्षकासमोर गठ्ठा असतो आणि त्याची नजर परिच्छेदाच्या पहिल्या ओळीवर पडतेच. सुरुवातीच्या परिच्छेदात एखादे दृश्य किंवा प्रसंग घेतला असेल, तर म्हणणे शेवटी येऊ द्या. भरतीच्या वेळी मानशीची दारे मिटतात त्या क्षणापासून निबंध सुरू करायचा असेल, तर आधीच 'ज्ञान' हा शब्द उच्चारून दृश्याचा बेरंग करू नका. 'खाजन म्हणजे काय? ते का महत्त्वाचे आहे?' असे प्रश्न मुख्य वाक्याच्या जागी टाकण्याची सवय क्लासमधून येते. तिने म्हणणे फक्त एक ओळ पुढे ढकलले जाते. आणि 'एक परिच्छेद, एक कल्पना' याचा अर्थ एक वाक्य, एक परिच्छेद असा घेऊ नका. तीन ओळींचे वीस परिच्छेद हाही पसरटपणाच आहे, फक्त मध्ये मोकळ्या जागा सोडलेला. कल्पना एक असली तरी तिला कारण, पुरावा आणि परिणाम लागतो, आणि त्याला शंभरएक शब्द लागतातच.

राहिले तुमचे शेवटचे वाक्य, सरकारच्या कठोर पावलांचे. जवळजवळ प्रत्येक परिच्छेद असा सरकारच्या दारात नेऊन सोडायची खोड आपल्याकडे मोठी आहे. त्यातून पाच परिच्छेदांचे पाच एकसारखे शेवट होतात. उपायाला त्याचा स्वतःचा एक परिच्छेद द्या, निबंधाच्या उत्तरार्धात, आणि तिथेही म्हणणे नेमके ठेवा. तुमच्या खाजनाच्या परिच्छेदातून ते आपसूक निघते: 'मानशीच्या लिलावाचा करार देतानाच पाणी किती वेळ आत ठेवायचे आणि बांध कोणी बुजवायचा हे त्यात लिहिले पाहिजे.' यावर समोरचा माणूस लगेच विचारेल की करार मोडला तर दंड कोण वसूल करणार. त्या परिच्छेदाचे दुसरे वाक्य तिथून सुरू करा.